भाड्याच्या खात्यातले १८० डॉलर

अमेरिकेतल्या मोठ्या गृहसंकुलात घरमालक सहसा भेटतच नाही. भाडे, दंड, दुरुस्तीची तक्रार, सगळे व्यवस्थापन कंपनीच्या पोर्टलवर चालते आणि तिथली खातेवही, म्हणजे लेजर, जी शिल्लक दाखवेल ती खरी मानली जाते. आपली मुले शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेली की त्यांना हे लेजर वाचता यायला हवे. त्यात चुकीची नोंद झाली, तर नेमका ईमेल कसा लिहायचा हेही.

टेक्सासमधल्या अर्विंगचे एक उदाहरण घेऊ. भाडे १,६४० डॉलर, दर महिन्याच्या १ तारखेला देय. भाडेकरूने आपल्या बँकेच्या बिल-पे सोयीतून पैसे पाठवले. घरमालक बँकेच्या इलेक्ट्रॉनिक यादीत नसेल, तर बँक कागदी चेक छापून टपालाने पाठवते. तो चेक संकुलाच्या कार्यालयात कोणीतरी हाताने नोंदवतो, आणि चूक होते ती इथे. लेजरच्या स्क्रीनशॉटवर दिसते ते असे: १ मार्चला भाड्याची आकारणी १,६४०, ३ मार्चला चेक जमा १,४६०, शिल्लक १८०, ४ मार्चला लेट फी ७५, शिल्लक २५५.

फरक १८० चा आहे, आणि १८० ला ९ ने नि:शेष भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. जुने हिशेबनीस ही खूण बघूनच चूक शोधत. मात्र ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. अंक बँकेत रक्कम भरतानाच उलटे पडले असतील, तर चूक भाडेकरूची. म्हणून ईमेल लिहिण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरून वटलेल्या चेकची दोन्ही बाजूंची प्रतिमा उतरवून घ्यावी. चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडे यांत विसंगती असेल, तर अमेरिकी कायद्यात अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, तेव्हा तीही वाचावी.

मग ईमेल. तो अर्थात इंग्रजीत जाईल. त्यातला मजकूर एवढाच असावा:

विषय: युनिट २१४, मार्चचा भरणा कमी नोंदला गेला आहे

नमस्कार,
मी युनिट २१४ चा भाडेकरू. माझ्या लेजरमध्ये ३ मार्च २०२५ रोजी चेक क्रमांक ५०१८ चे १,४६० डॉलर जमा दिसतात. हा चेक १,६४० डॉलरचा होता आणि तेवढ्याच रकमेला वटला आहे. लेजरचा स्क्रीनशॉट व चेकची प्रतिमा जोडली आहे. कृपया ही नोंद रद्द करून ३ मार्च याच तारखेने १,६४० डॉलरची नोंद करावी आणि त्यामुळे लागलेली ७५ डॉलरची लेट फीही रद्द करावी. दुरुस्तीनंतर शिल्लक शून्य यायला हवी. सुधारित लेजर पाठवावे, ही विनंती.

यात ‘३ मार्च याच तारखेने’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. कार्यालयाने आजच्या तारखेने १८० डॉलर जमा दाखवले, तर शिल्लक सुधारेल, पण मार्चचे भाडे उशिरा भरल्याची नोंद तशीच राहील. पुढचे घर घेताना नवा घरमालक जुन्या मालकाकडे हीच विचारपूस करतो. टेक्सासमध्ये भाडे देय तारखेनंतर पूर्ण दोन दिवस थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. भाडे ३ तारखेला पूर्ण जमा होते, म्हणजे दंडाचा आधारच उरत नाही. तारीख लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे, कारण 03/04 म्हणजे तिथे ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल.

स्क्रीनशॉट फक्त चुकीच्या आकड्याचा कापून पाठवू नये. युनिट क्रमांक, तारीख, तपशील आणि शिल्लक असे सगळे रकाने त्यात दिसले पाहिजेत. चेकच्या प्रतिमेवरचा खाते क्रमांक मात्र झाकावा, चेक क्रमांक उघडा ठेवावा.

अनेकदा पोर्टलचा सपोर्ट हा सॉफ्टवेअर कंपनीचा असतो आणि लेजर बदलण्याचा अधिकार संकुलाच्या कार्यालयाकडे असतो. म्हणून एकाच ईमेलमध्ये दोघांचेही पत्ते घालावेत. नाहीतर ‘कार्यालयाशी संपर्क साधा’ एवढेच उत्तर येते आणि दिवस वाया जातात.

हे सारे १ एप्रिलच्या आत व्हायला हवे. पुष्कळ लेजरमध्ये आलेला पैसा आधी जुन्या बाकीत वळता होतो. एप्रिलचे पूर्ण १,६४० भरले तरी त्यातले २५५ मागच्या बाकीत जातील, एप्रिलचे भाडे तेवढे कमी पडेल आणि दुसरी लेट फी लागू शकेल. तेव्हा शिल्लक शून्य दिसली की ते लेजर पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि घर सोडून अनामत हाती पडेपर्यंत जपून ठेवा.