जंकमध्ये अडकलेला मेल

माझी मावसबहीण घरी बसून भाषांतरं करते. एका प्रकाशकाने तिला मानधन जमा करण्यासाठी बँकेचा तपशील मागणारा मेल पाठवला, उत्तराची वाट पाहिली आणि शेवटी फोन केला. मेल तिच्या थंडरबर्डच्या जंक फोल्डरमध्ये नऊ दिवस पडून होता. जंक ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय तिने चालू केली असती, तर तो कायमचाच गेला असता.

दोष प्रकाशकाचा नव्हता, शिकवणीचा होता. थंडरबर्डची गाळणी शब्द मोजते. कोणता शब्द जंक मेलमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, याची नोंद ती `training.dat` या फाइलमध्ये ठेवते आणि नव्या मेलची शक्यता त्यावरून काढते. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ साली एका लेखातून ही पद्धत लोकप्रिय केली. माझी बहीण कित्येक महिने कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिरातींवर इमानेइतबारे J दाबत होती. चांगला मेल कोणता, हे मात्र तिने एकदाही सांगितलं नव्हतं. नुसता वाचलेला मेल गाळणीला काही शिकवत नाही. त्यामुळे ‘बँक’, ‘खातं’, ‘रक्कम’ हे शब्द एकाच पारड्यात साठत गेले, आणि प्रकाशकाच्या मेलमध्ये नेमके तेच होते.

असा मेल सोडवताना घाई करू नका, कारण फसवणारेही याच शब्दांत लिहितात. जंकमध्ये असताना त्यातली लिंक किंवा जोडलेली फाइल उघडायची नाही. आधी नावामागचा खरा पत्ता पाहायचा. मग Ctrl+U दाबून `Authentication-Results` ही ओळ शोधायची. तिथे `dkim=pass` असेल आणि पुढचं डोमेन प्रकाशकाचंच असेल, तर मेल त्या डोमेनवरून निघाला एवढं कळतं. पाठवणाऱ्याचा हेतू त्यातून कळत नाही. म्हणून बहिणीने जुन्या करारावरच्या नंबरवर फोन करून विचारलं, आणि मगच `Not Junk` दाबलं. नुसता ओढून इनबॉक्समध्ये टाकला असता, तर गाळणी काहीच शिकली नसती.

त्यानंतर तिने इनबॉक्समधले कामाचे जुने मेल निवडून त्यांच्यावर Shift+J दाबलं. मला सगळ्यात मोलाची पायरी हीच वाटते, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. प्रकाशकाचा पत्ता तिने ॲड्रेस बुकमध्येही घातला. तसे पत्ते गाळणीतून वगळता येतात, पण तोच पत्ता लावून आलेला बनावट मेलही मग आत येतो, म्हणून ही यादी छोटीच ठेवावी.

तुमचा मेल पॉप पद्धतीने उतरत असेल, तर आणखी एक काम करा. मेल देणाऱ्या कंपनीने तिच्या सर्व्हरवरच स्पॅम ठरवलेला मेल तुमच्या संगणकावर येतच नाही. तो पाहायला ब्राउझरमधून खातं उघडा, आठवड्यातून एकदा तरी.