घर दोघांचं, वजावट कुणाची?

आर्थिक वर्ष संपलं की बँक गृहकर्जाचा दाखला देते. कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर दाखल्यावर नावं दोन असतात, पण वर्षभराच्या व्याजाचा आकडा एकच. त्यातलं कोणाच्या वाट्याचं किती, हे बँक सांगत नाही. ती विभागणी सहमालकांनीच करायची असते. त्यासाठी कायद्याने काही चौकट घालून दिली आहे आणि ती घर घेण्याआधी समजून घेतलेली बरी, कारण करारनाम्यावर सह्या झाल्या की बदलायला फारशी जागा उरत नाही.

वजावट मिळण्यासाठी तीन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी जुळाव्या लागतात. करारनाम्यात मालक म्हणून त्याचं नाव हवं, कर्जात कर्जदार म्हणून नाव हवं आणि हप्त्याचे पैसे त्याने स्वतःच्या उत्पन्नातून भरलेले हवेत. मुलाची कर्जाची पात्रता वाढावी म्हणून वडील सहकर्जदार होतात, पण करारनाम्यात त्यांचं नाव नसतं. अशा वडिलांनी हप्ते भरले, तरी त्यांना या व्याजाची वजावट नाही. पत्नीचं नाव करारनाम्यातही आहे आणि कर्जातही, पण सगळे हप्ते पतीच्याच पगारातून जातात, तर केवळ नावापायी दुसरी वजावट उभी राहत नाही.

तिन्ही गोष्टी जुळल्या की प्रश्न उरतो वाट्याचा. करारनाम्यात '५० टक्के व ५० टक्के' किंवा '७० टक्के व ३० टक्के' असं स्पष्ट लिहिलं असेल, तर वाद नाही. पुष्कळ करारनाम्यांत फक्त नावं असतात. तेव्हा मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागू पडतं: ज्याने जितका पैसा घातला, त्या प्रमाणात त्याचा वाटा. कोणी किती घातला याचा पुरावाच नसेल, तर वाटे समान धरले जातात. म्हणून सुरुवातीची रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, याचे उतारे जपून ठेवावेत. हप्त्यांसाठी एक संयुक्त खातं काढून दोघांनी दरमहा आपापला वाटा त्यात जमा करावा. पुढे कधी विचारणा झाली, तर हाच पुरावा कामी येतो.

आता आकडे घेऊ. समजा, पुण्यातल्या एका नोकरदार जोडप्याने साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता सुमारे ५२ हजार रुपये. पहिल्या वर्षी व्याजात जातात सुमारे ५ लाख ५ हजार आणि मुद्दलात सुमारे १ लाख १९ हजार.

स्वतः राहत असलेल्या घरासाठी आयकर कायदा १९६१ च्या कलम २४(ब) प्रमाणे व्याजाची कमाल वजावट आहे २ लाख रुपये. ही मर्यादा घराला नाही, प्रत्येक मालकाला आहे. घर एकाच्या नावावर असतं, तर ५ लाखांच्या व्याजातले २ लाखच कामी आले असते. वाटे समान असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अडीच लाखांचं व्याज येतं आणि दोघांची मिळून ४ लाखांची वजावट होते. वाटे ७० व ३० टक्के असले, तर पतीच्या वाट्याला साडेतीन लाखांहून थोडं जास्त व्याज येतं, पण मर्यादेमुळे २ लाखच धरता येतात. पत्नीच्या वाट्याचे दीड लाख पूर्ण धरले, तरी एकूण साडेतीन लाखच होतात. पतीचं न वापरलेलं व्याज पत्नीच्या नावावर टाकता येत नाही.

मुद्दलाची वजावट कलम ८०सी खाली, ज्याने जेवढं फेडलं त्याला तेवढी. इथेही १.५ लाखांची मर्यादा प्रत्येकाची वेगळी आहे, पण त्याच मर्यादेत भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते असं सगळं बसवायचं असतं. पगारदार माणसाची ती बहुधा निधीनेच भरत आलेली असते.

इथपर्यंतचा हिशेब जुन्या करप्रणालीचा झाला. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि ८०सीसुद्धा नाही. २०२३-२४ पासून काहीच न निवडणाऱ्याला नवी प्रणालीच लागू होते. जुनी हवी असेल, तर पगारदाराला दरवर्षी विवरणपत्र मुदतीत भरताना ती निवडता येते. प्रत्येक सहमालक ही निवड स्वतंत्रपणे करतो. म्हणून वजावट वाटण्याआधी ती दोघांच्या कामाची आहे का, हे पाहावं लागतं.

याच जोडप्यात पत्नीचा पगार ९ लाख आणि पतीचा १८ लाख आहे असं धरू. २०२५-२६ च्या दरांनी नव्या प्रणालीत पत्नीला करच नाही, कारण पौने तेरा लाखांपर्यंतच्या पगारावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तिच्या वाट्याचं व्याज तिला निरुपयोगी ठरतं आणि ते पतीलाही घेता येत नाही. पतीने जुनी प्रणाली घेऊन ५० हजारांची प्रमाणित वजावट, २ लाखांचं व्याज आणि ८०सीचे दीड लाख वजा केले, तर त्याचा कर होतो २,४१,८००. नव्या प्रणालीत काहीही न दाखवता तो १,५०,८०० होतो. म्हणजे गृहकर्जाची वजावट घेण्यासाठी जुन्या प्रणालीत राहिला, तर त्याला ९१ हजार रुपये जास्त भरावे लागतात.

हे चित्र कधी पालटतं? समजा, नोकरीमुळे तो मुंबईत भाड्याने राहतो, पुण्याचं घर भाड्याने दिलेलं नाही आणि त्याला ३ लाखांचा घरभाडे भत्ता करमुक्त मिळतो. मग जुन्या प्रणालीतला कर १,४८,२०० वर येतो. फायदा झाला, पण जेमतेम अडीच हजारांचा.

नेहमी होणारी चूक आहे बँकेच्या त्या दाखल्यामुळे. दोघंही आपापल्या कार्यालयात १२बीबी अर्जासोबत तोच दाखला देतात आणि दोघांचाही पगार विभाग पूर्ण व्याजावर २ लाख धरतो. वाटे समान असतील आणि व्याज ४ लाखांपेक्षा जास्त असेल, तर चूक दिसत नाही. काही वर्षांनी व्याज साडेतीन लाखांवर उतरतं, तेव्हा प्रत्येकाचा हक्क पावणेदोन लाखांचाच असतो आणि दोघांची मिळून ५० हजारांची जादा वजावट होते. आयटीआर-२ मध्ये सहमालकाचं नाव, पॅन आणि वाट्याची टक्केवारी लिहावी लागते. त्यामुळे दोन्ही विवरणपत्रं शेजारी ठेवली की विसंगती लगेच दिसते. दाखल्यासोबत दोघांच्या सहीचं वाट्याचं छोटं पत्र कार्यालयात द्यावं, म्हणजे चूक मुळातच होत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. पुढची विवरणपत्रं भरताना नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

करारनाम्यात टक्केवारी लिहिताना मात्र केवळ कराकडे पाहू नये. घर विकलं, तर भांडवली नफा याच प्रमाणात दोघांच्या नावावर येतो. एक मालक गेला, तर वारसांकडे त्याचा हाच वाटा जातो. कराचे दर आणि प्रणाली सरकार दरवर्षी बदलू शकतं, तुमची टक्केवारी तितक्या सहज बदलत नाही. तेव्हा प्रत्यक्ष कोण किती पैसे घालणार आहे तेच करारनाम्यात लिहावं, आणि वजावटीचा हिशेब दरवर्षी दोघांनी आपापल्या प्रणालीनुसार नव्याने मांडावा.