डोक्यावरचा मुखवटा भिंतीवर

(आफ्रिकेचे मुखवटे : लेखांक ७)

मागच्या भागात मुखवटा कोरणाऱ्या कारागिराबद्दल लिहिलं होतं. आज मुखवटा नाचायला निघतो तेव्हा काय होतं आणि तोच संग्रहालयाच्या भिंतीवर गेला की काय होतं, ते पाहू.

किनवट-माहूरच्या वाचकांना यातलं निम्मं मी सांगायची गरज नाही. दिवाळीच्या दिवसांत तिकडच्या गोंड वस्त्यांवर दंडारी निघते. तिच्यातल्या घुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप असतो, अंगाला राख फासलेली असते, खांद्यावर कातडं आणि हातात काठी असते. तेवढे दिवस तो माणूस देवाच्या जागी असतो, म्हणून खेळ संपेपर्यंत अंघोळही करत नाही. टोपाची पूजा होते. वाजंत्री थांबलं की घुसाडीही थांबतो. नुसता टोप खुंटीला टांगला तर पिसं तेवढी दिसतील, घुसाडी दिसणार नाही.

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिनमध्ये योरुबा लोकांचा गेलेडे नावाचा उत्सव असतो. सुगी झाल्यावर तो भरतो, तसाच दुष्काळ किंवा रोगराई आली तरी भरतो. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगी मोठी शक्ती असते, ती राजी राहिली तर पीकपाणी आणि लेकरंबाळं सुखरूप राहतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून हा सगळा खेळ त्या ‘आयांच्या’ मानाचा. रात्री गाणी होतात आणि त्यांत गावातल्या माणसांची खरडपट्टीही निघते. दिवसा नाच होतो. नाचणारे पुरुष असतात, पण बाईचा वेष घेऊन. कमरेला आणि छातीला उभार बांधतात, वर घरातल्या बायकांची लुगडी चढवतात.

यातला मुखवटा तोंडावर नसतोच. तो टोपीसारखा डोक्यावर बसतो आणि त्याचा चेहरा तिरपा, थोडा आभाळाकडे असतो. नाचणाऱ्याचं खरं तोंड खाली पातळ कापडाआड असतं आणि त्या कापडातूनच त्याला वाट दिसते. आत कोण आहे हे गावाला ठाऊक असतं, लपवायचं काही नसतं. मुखवट्याच्या माथ्यावर आणखी कोरीवकाम असतं. कधी साप, कधी पक्षी, तर अलीकडे मोटारसायकलसुद्धा. चारी बाजूंनी उभ्या गर्दीला ते दिसावं असा त्याचा घाट असतो. घोट्यांना लोखंडी वाळे असतात. ढोल जो बोल वाजवेल तोच पायांतून उमटला पाहिजे आणि बोल संपताना पाऊलही तिथंच थांबलं पाहिजे. पाऊल चुकलं तर मुखवटा कितीही देखणा असो, तिथल्या जाणत्यांच्या लेखी नाच फसला.

आता हाच मुखवटा भिंतीवर पाहा. वसाहतीच्या काळात तो नेणाऱ्यांनी बहुतेक वेळा लाकूड उचललं आणि कापड, वाळे मागे सोडले. गेलेडेचे नर्तक पुष्कळदा जोडीनं, सारख्याच मुखवट्यांत नाचतात, पण संग्रहालयात जोडीतला एकच आला. डोक्यावर आडवा बसणारा मुखवटा खिळ्यावर उभा केला की तिरपी नजर थेट समोर येते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा तोंडावर बांधायचाच होता. मागची बाजू भिंतीला चिकटते, आवाज उरत नाही.

रंगाचं नुकसान माझ्या मते सगळ्यांत मोठं आहे. गावात हे मुखवटे उत्सवापूर्वी पुन्हा रंगवले जातात आणि नवे बाजारी रंग सर्रास वापरतात. संग्रहालय मात्र असेल तो थर जपतं आणि उडालेल्या रंगाला जुनेपणाचं मोल देतं. ज्या अवस्थेत गावानं मुखवटा मैदानात आणलाच नसता, ती इथं काचेआड कायमची होते.

१९०७ साली पॅरिसमधल्या त्रोकादेरोच्या संग्रहालयात पिकासोनं असे मुखवटे पाहिले. १९३५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आफ्रिकी कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. या लाकडाला शिल्पाचा मान मिळाला तो अशा वाटेनं, आणि तो खोटा नाही. पण तो घाटाला मिळालेला मान होता. घाट तसा का आहे, हे ढोलाशिवाय आणि पावलांशिवाय कळत नाही.

तरीही नुसता मुखवटा बरंच सांगतो. कडेला भोकांची रांग आहे का पाहा, तिथं कापड बांधलेलं असतं. शक्य असेल तर आत डोकवा. वापरलेल्या मुखवट्याची आतली बाजू घामानं आणि घासून गुळगुळीत, काळपट होते; विकण्यासाठी कोरलेल्याची कोरी राहते. अर्थात घासून जुनं दाखवणारे लबाडही आहेत, तेव्हा एवढ्यावर विसंबू नये. डोळे कोरलेले असून आरपार भोकं नसतील, तर तो डोक्यावरचा असण्याचा संभव मोठा. मग गुडघे वाकवून खालून पाहा, मैदानातल्या माणसाला जसा दिसत असेल तसा.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं २००१ साली आफ्रिकेची नवी दालनं उघडली, तेव्हा मुखवट्यांजवळ नाचाच्या चित्रफिती ठेवल्या. फरक पडला, कारण पाय दिसले. पण चित्रफितीपुढे उभा माणूस ढोलाच्या बोलाला दाद देत नाही, आणि गेलेडे ज्या आयांसाठी आहे त्याही तिथं नसतात. उद्या नांदेडमध्ये कुणी दंडारीचं दालन मांडायला घेतलं, तर टोप कुठल्या उंचीवर ठेवायचा, वर्षभर ठेवायचा की दिवाळीला गावी परत न्यायचा, हे आधी किनवटच्या घुसाडींना विचारावं लागेल.

पुढच्या आठवड्यात जव्हार-मोखाड्याचा बोहाडा.