एकोणसाठ रुपयांत काय द्यायचे?

यूट्यूब चॅनेलच्या नावाशेजारी ‘Join’ हे बटण दिसते. प्रेक्षकाने ते दाबून महिना ५९ रुपयांची मेंबरशिप घेतली, तर चॅनेलवाल्याच्या हातात नेमके किती पडतात? दाखवलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असेल, तर तो वजा जाता ५० रुपये राहतात. त्यातले ३० टक्के यूट्यूब ठेवते आणि ७० टक्के चॅनेलला देते. म्हणजे ३५ रुपये. मेंबरने आयफोनच्या अ‍ॅपमधून पैसे भरले असतील, तर अ‍ॅपलचे कमिशनही आधी कापले जाते आणि आकडा आणखी खाली येतो.

या पस्तीस रुपयांच्या बदल्यात मेंबरला काय द्यायचे, यावर सगळे गणित उभे आहे. उत्साहाच्या भरात चॅनेलवाले स्टिकर, सही केलेले कार्ड, टी-शर्ट असे काहीबाही कबूल करून बसतात. एक स्टिकर छापून, पाकिटात घालून, पत्ता लिहून कुरियरने पाठवायचा म्हटला, तर पस्तीस रुपये वाटेतच संपतात. त्यातून पाकीट परत आले की पुन्हा फोन, पुन्हा खर्च. चॅनेल मेंबरशिपमध्ये पोस्टाने जाणारी वस्तू न ठेवलेलीच बरी, हे पहिल्याच हिशेबात कळते.

वस्तू बाजूला ठेवल्यावरही एक फरक उरतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. काही कामे एकदाच करावी लागतात. मेंबर पन्नास असोत की पाचशे, मेहनत तेवढीच. काही कामे मात्र मेंबरच्या संख्येबरोबर वाढत जातात. दोन्ही प्रकार कागदावर सारखेच आकर्षक दिसतात. सहा महिन्यांनी मात्र एक चॅनेलवाला निवांत असतो आणि दुसरा रात्री दोनपर्यंत उत्तरे टाइप करत बसलेला असतो.

हा फरक एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यातले एक जोडपे मोडी लिपी शिकवणारे चॅनेल चालवते. आठ हजार सबस्क्रायबर, आठवड्याला एक व्हिडिओ. मेंबरशिपसाठी यूट्यूबच्या ज्या अटी आहेत, त्या त्यांनी कधीच ओलांडल्या आहेत: किमान ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तासांचा पाहणी-वेळ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या चॅनेलला मेंबरशिप मिळत नाही. हे चॅनेल मोठ्यांसाठी आहे, त्यामुळे तीही अडचण नाही. यूट्यूब स्टुडिओत ‘Earn’ विभागात जाऊन ‘Memberships’ उघडायचे, करार मान्य करायचा, की स्तर आणि किमती ठरवण्याचे पान समोर येते. किंमत मनाने टाकता येत नाही, दिलेल्या यादीतून निवडावी लागते. त्यांनी दोन स्तर निवडले, ५९ रुपये आणि १५९ रुपये.

दोनच का? वरच्या स्तराला खालच्या स्तराचे सगळे फायदे आपोआप मिळतात. त्यामुळे प्रत्येक नवा स्तर म्हणजे आधीचे सगळे देऊन वर आणखी काहीतरी देण्याचे वचन. चार-पाच स्तर मांडले की प्रेक्षक गोंधळतो आणि चॅनेलवाल्यालाही कोणाला काय कबूल केले ते लक्षात राहत नाही.

५९ रुपयांच्या स्तरात त्यांनी तीन गोष्टी ठेवल्या. पहिली बॅज आणि इमोजी. मेंबरच्या नावापुढे कॉमेंटमध्ये आणि लाइव्ह चॅटमध्ये छोटे चिन्ह दिसते आणि मेंबर जितका जुना, तितके ते चिन्ह बदलत जाते. हे बदलण्याचे काम यूट्यूब स्वतः करते. चॅनेलला फक्त चित्रे एकदा बनवून द्यायची असतात. इथे बहुतेकांचे एक चुकते. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बोरू, दौत, कागद असे सुरेख चित्र काढले जाते, आणि मोबाइलच्या चॅटमध्ये ते नखाएवढे झाले की नुसता तपकिरी ठिपका दिसतो. बॅजचे चित्र किमान ३२ बाय ३२ पिक्सेलचे लागते, म्हणजे मुळातच फार थोडी जागा. त्यात मोडीतले एकच अक्षर, जाड रेघेचे, गडद पार्श्वभूमीवर पांढरे, असे घेतले तर ते वाचता येते. नव्या मेंबरला ‘अ’, दोन महिन्यांनंतर ‘क’, सहा महिन्यांनंतर ‘ग’, अशी अक्षरे पुढे सरकत गेली की जुन्या मेंबरला आपले जुनेपण मिरवता येते. चित्र अपलोड करण्याआधी ते लहान करून फोनवर स्वतः पाहायचे आणि जवळच्या कोणाला तरी ‘हे काय आहे?’ असे विचारायचे. उत्तर पटकन आले तर चित्र चालेल.

दुसरा फायदा म्हणजे व्हिडिओ दोन दिवस आधी. एरवी शनिवारी येणारा व्हिडिओ गुरुवारीच अपलोड करायचा, त्याची दृश्यता ‘Members only’ ठेवायची आणि शनिवारी ती सार्वजनिक करायची. व्हिडिओ एकच, मेहनत एकच. फक्त संपादन गुरुवारपर्यंत आटोपण्याची शिस्त हवी. ही शिस्त नसेल, तर हा फायदा कबूल करू नये. शुक्रवारी रात्री अकराला ‘आधी’ मिळालेल्या व्हिडिओचे मेंबरला काही अप्रूप राहत नाही.

तिसरा फायदा सरावपत्र. व्हिडिओ करताना त्या दोघांनी अक्षरे, जोडाक्षरे आणि नमुन्याच्या ओळी वहीत लिहिलेल्याच असतात. महिन्यातून एकदा त्या नीट मांडून दोन पानांची पीडीएफ करायची. यूट्यूबवर फाइल ठेवता येत नाही, म्हणून ती ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा फक्त मेंबरना दिसणाऱ्या पोस्टमध्ये द्यायचा. हा दुवा कोणी मित्राला पाठवणारच. पाठवू दे. त्याला कुलूप घालण्यात जितका वेळ जाईल, तितक्यात पुढच्या महिन्याचे सरावपत्र तयार होते.

१५९ रुपयांच्या स्तराबद्दल मात्र घरात दोन मते होती. या स्तरातून कर आणि यूट्यूबचा वाटा जाऊन सुमारे ९४ रुपये हाती येतात. प्रत्येक मेंबरची सरावाची वही तपासून द्यावी, असे एकाचे म्हणणे. शिक्षक म्हणून हे स्वाभाविकच. एका वहीला पंधरा मिनिटे धरली, तर आठ मेंबरना महिन्याला दोन तास लागतात आणि ७५२ रुपये मिळतात. मेंबर चाळीस झाले तर ३,७६० रुपये मिळतील, पण दहा तास द्यावे लागतील. तासाचा भाव तिथल्या तिथेच, ३७६ रुपये. मेंबर वाढले तरी फायदा वाढत नाही, फक्त ओझे वाढते.

मग वह्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि दरमहा पाचच तपासाव्यात, अशी तोड निघते. ती यूट्यूबच्या नियमात बसत नाही. नशिबावर किंवा सोडतीवर अवलंबून असलेली कोणतीही गोष्ट मेंबरशिपचा फायदा म्हणून देता येत नाही. त्या स्तरावरच्या प्रत्येकाला ती मिळायला हवी. एकेका मेंबरला प्रत्यक्ष भेटण्याचे आश्वासनही नियमांत बसत नाही.

शेवटी ठरले ते असे: महिन्यातून एक तासाचे लाइव्ह, फक्त १५९ रुपयांच्या स्तरासाठी. मेंबरनी आपल्या लेखनाचे फोटो आधी पाठवायचे. त्यांवरून नजर फिरवली की चुका त्याच त्याच निघतात: एकाच वळणाची दोन अक्षरे एकमेकांत मिसळतात. चार-पाच ठळक चुका निवडून त्या लाइव्हमध्ये सगळ्यांसमोर सोडवायच्या आणि उरलेल्या वेळात एक जुना कागद मिळून वाचायचा. आठ जण असतील तर त्या तासाचे ७५२ रुपये होतात, चाळीस असतील तर ३,७६०. तास एकच. शिवाय लाइव्ह संपल्यावर त्याचे रेकॉर्डिंग मेंबरसाठी तिथेच राहते, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी मागचे सगळे तास पाहायला मिळतात. सतत दोन महिने मेंबर असलेल्याला लाइव्ह चॅटमध्ये महिन्यातून एकदा खास ठळक संदेश टाकता येतो. ही सोय यूट्यूबचीच, चॅनेलला त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

आता एकूण हिशेब. आठ हजारांतले ४० जण ५९ रुपयांच्या आणि आठ जण १५९ रुपयांच्या स्तरात आले, तर महिन्याला १,४०० अधिक ७५२, म्हणजे २,१५२ रुपये. काम सरावपत्राचे तासभर, लाइव्हचे एक तास, फोटो पाहण्याचे अर्धा तास. यूट्यूबचे पैसे अ‍ॅडसेन्समधून येतात आणि १०० डॉलर जमल्याशिवाय सुटत नाहीत. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ही रक्कम साडेआठ हजार होते. जाहिरातींचे पैसे येत नसतील, तर एवढे जमायला चार महिने लागतील आणि पहिली रक्कम बँकेत त्यानंतरच पोहोचेल. हे आधी माहीत असले की तिसऱ्या महिन्यात धीर सुटत नाही.

वस्तूंशिवायही लोक पैसे देतात का? जून २०१८ मध्ये यूट्यूबने मेंबरशिप मोठ्या प्रमाणावर खुली केली, तेव्हा कंपनीने स्वीडनच्या ‘विंटरगाटन’ या बँडचे उदाहरण दिले होते. हजारो गोट्यांच्या घरंगळण्यातून संगीत वाजवणाऱ्या यंत्रामुळे हा बँड गाजला. बँडमधला मार्टिन मोलिन त्या यंत्राची नवी आवृत्ती बनवताना दर आठवड्याला कामाचे व्हिडिओ सर्वांसाठी खुले टाकत असे. त्या वर्षी जानेवारीत मेंबरशिप सुरू केल्यानंतर काही महिन्यांतच चॅनेलच्या यूट्यूबवरील उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा मेंबरचा होता. यंत्राचे काम पुढे चालत राहावे, एवढ्यासाठीही माणसे दरमहा पैसे देत होती.

आपल्याकडे मेंबर गळण्याचे एक कारण फायद्यांशी संबंधित नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची आधी परवानगी लागते आणि कापण्याच्या २४ तास आधी त्याला सूचना जाते. हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोर लागू झाला. कार्ड बदलले, परवानगी रद्द झाली किंवा खात्यात पैसे नसले, की मेंबरशिप गुपचूप बंद पडते. मेंबरला ते कळतेच असे नाही. कॉमेंटमध्ये नेहमीचा माणूस दिसला पण त्याचा बॅज दिसला नाही, तर ही शंका घ्यावी आणि महिन्यातून एकदा सर्वांना दिसणाऱ्या पोस्टमध्ये ‘बॅज गेला असेल तर पेमेंट तपासा’ असे लिहावे.

ती २४ तास आधीची सूचना म्हणजे दरमहा मेंबरसमोर येणारा प्रश्नही आहे: हे चालू ठेवायचे का? प्रत्येकाची तारीख वेगळी असल्यामुळे ती साधून काही देता येत नाही. म्हणून कबूल केलेले थोडे असावे आणि कोणताही महिना कोरडा जाऊ नये. स्टुडिओत मेंबरशिपच्या पानावर किती आले, किती गेले हे दिसते. एखाद्या महिन्यात सरावपत्र चुकले आणि पुढच्या महिन्यात गेलेल्यांचा आकडा वाढला, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सरावपत्र दिले असूनही गळती असेल, तर तो फायदा काढून दुसरा ठेवण्याआधी मेंबरना पोस्टमध्ये सरळ विचारावे की त्यांनी शेवटचे सरावपत्र उघडले होते का. बहुतेकांनी उघडलेच नसेल, तर तासभराचे ते काम बंद करून तो वेळ लाइव्हला देता येतो आणि तसे मेंबरना एक महिना आधी कळवता येते.