कातरवेळ की दिवेलागण?

बासरीच्या अल्बमला नाव शोधताना 'वेणुनाद', 'बन्सी' अशीच नावं आधी सुचतात. त्यांतून वाद्य कळतं, पण ते कधी आणि कोणत्या मनःस्थितीत ऐकावं हे कळत नाही. गायनात बंदिशीचे शब्द तरी हाताशी असतात. बासरीला तेही नाहीत, म्हणून नावावर जास्त भार पडतो.

समजा, अल्बममध्ये मारवा, पूरिया कल्याण, यमन आणि शेवटी पहाडी धून आहे. सूर्यास्तापासून रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंतचा हा प्रवास. 'सांज' हे नाव चुकीचं नाही, पण ढोबळ आहे. संध्याकाळच्या कोणत्याही रागाला ते चालेल.

'कातरवेळ' म्हटलं की मारवा डोळ्यांपुढे येतो. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावरही फारसं थांबायचं नसतं. सारा मुक्काम कोमल रिषभ आणि धैवतावर, त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही आणि हुरहुर लागते. बासरीवर हे बोटांतही दिसतं: वरची तीन छिद्रं झाकली की षड्ज, त्यातलं तिसरं अर्धं उघडलं की कोमल रिषभ. त्या अर्ध्या उघड्या छिद्रावर सूर स्थिर धरणं सोपं नसतं.

पण पूरिया कल्याणात पंचम परत येतो, यमनात रिषभही शुद्ध होतो आणि मनाचा ताण उतरतो. 'कातरवेळ' हे नाव तिथवर पोचत नाही, 'दिवेलागण' पोचतं. त्यात मावळता उजेडही आहे आणि घरात लागलेला दिवाही. मात्र मारवा चाळीस मिनिटांचा आणि बाकीची वादनं आठ-आठ मिनिटांची असतील, तर 'कातरवेळ'च खरं. नाव अल्बममधल्या सर्वांत वजनदार वादनाला लागू पडलं पाहिजे. पहाडीची अडचण नाही. ती धून वेळेला फारशी बांधलेली नसते.

नावात वेळ घालायलाच हवी, असंही नाही. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ साली आली. तिच्या नावात आहे ती दरी आणि तिची साद. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा दिवस रागांच्या क्रमातून उलगडतो: सुरुवातीला सकाळचा अहिर भैरव, अखेरीला पहाडी. भाव नावानं सांगितला, वेळ क्रमानं. पण ही सोय क्रम पाळला तरच चालते. आज ऐकणारा मधलंच एखादं वादन लावतो, तेव्हा क्रम हरवतो आणि उरतं ते त्या वादनाचं नाव.

म्हणून बासरीवादकांना एवढीच विनंती: अल्बमचं नाव कितीही काव्यमय ठेवा, पण प्रत्येक वादनापुढे राग, ताल आणि प्रहर स्वच्छ लिहा. 'झुळूक' वाचून मारवा ओळखता येत नाही.