पाचांची बेरीज, चारने भागाकार

पाच आकड्यांची सरासरी काढली की ते आकडे कुठल्या मध्याभोवती आहेत ते कळते. त्या मध्यापासून ते किती विखुरले आहेत हे मात्र कळत नाही. हा विखुरलेपणा एका संख्येत सांगण्यासाठी प्रमाण विचलन काढतात. त्याचे ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात रूढ केले, पण त्यामागचे गणित त्याच्या बरेच आधीचे आहे.

समजा, शेंगदाणे भरणाऱ्या एका यंत्रातून अर्ध्या किलोच्या पाच पिशव्या उचलून वजन केल्या आणि वजने ४९८, ५०३, ५००, ४९७ आणि ५०२ ग्रॅम भरली. बेरीज २५००, म्हणून सरासरी ५०० ग्रॅम. आता प्रत्येक वजनातून ही सरासरी वजा करायची. उरतात −२, ३, ०, −३ आणि २. ही झाली विचलने. त्यांची बेरीज शून्य येते आणि ती नेहमी शून्यच आली पाहिजे. हाताने गणित करताना हा फार उपयोगी पडताळा आहे. बेरीज शून्य आली नाही, तर वजाबाकी चुकली आहे किंवा सरासरी मध्येच पूर्णांकात बदलून घेतली आहे. सरासरी ५००.४ आली असेल, तर ती तशीच ठेवावी.

पण बेरीज नेहमीच शून्य येत असल्यामुळे विचलनांची साधी सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक विचलनाचा वर्ग करतात: ४, ९, ०, ९, ४. वर्गांची बेरीज २६. हिला एका योग्य संख्येने भागले की मिळते ते प्रचरण, आणि प्रचरणाचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. वर्ग केल्यामुळे ग्रॅमचे ‘ग्रॅम वर्ग’ झालेले असतात. वर्गमूळ घेतल्यावर एकक पुन्हा ग्रॅम होते.

वर्गांच्या बेरजेला पाचने भागले, तर प्रचरण ५.२ आणि प्रमाण विचलन सुमारे २.२८ ग्रॅम येते. चारने भागले, तर प्रचरण ६.५ येते. त्याचे वर्गमूळ कागदावरही चटकन काढता येते. अंदाज २.५ धरावा, ६.५ ला २.५ ने भागावे, २.६ येतात, दोन्हींचा मध्य २.५५, आणि २.५५ चा वर्ग ६.५०२५ म्हणजे जवळजवळ बरोबर. पिशव्या पाच असताना चारने का भागायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्याला नेमके काय हवे आहे यावर अवलंबून आहे. त्या पाचच पिशव्यांचे वर्णन करायचे असेल, तर पाचने भागणे अगदी योग्य आहे. एका घरातल्या सर्व माणसांच्या वयांचा विखुरलेपणा काढतानाही माणसांच्या संख्येनेच भागावे, कारण घराबाहेरच्या कोणाबद्दल काही सांगायचे नसते. पण पाच पिशव्या उचलल्या जातात त्या यंत्राबद्दल काही कळावे म्हणून. दिवसभरात भरलेल्या हजारो पिशव्या ही समष्टी, आणि हाती आहे तो तिचा छोटासा नमुना.

या समष्टीची खरी सरासरी कोणालाच ठाऊक नाही. तिच्या जागी नमुन्याची सरासरी वापरली गेली आहे आणि अडचण तिथेच आहे. समजा, यंत्राची खरी सरासरी ५०१ ग्रॅम आहे. तिच्यापासून मोजलेली विचलने −३, २, −१, −४, १ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ३१. हीच बेरीज ५०० पासून मोजल्यावर २६ आली होती. ५०१ च्या जागी ४९९ किंवा दुसरा कोणताही आकडा घेतला, तरी बेरीज २६ पेक्षा मोठीच येईल. कारण कोणत्याही यादीसाठी वर्गांची बेरीज सर्वांत लहान येते ती तिच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजल्यावर. नमुन्याची सरासरी त्याच पाच आकड्यांतून घडलेली असल्याने ती त्यांच्या मधोमध बसते, आणि विखुरलेपणा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

ही तूट किती, हेही नेमके सांगता येते. ३१ आणि २६ यांतला फरक ५ आहे. म्हणजे पिशव्यांची संख्या गुणिले दोन सरासऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग, ५ × १². दर वेळी नवा नमुना घेतला की हे अंतर बदलते; पण त्याच्या वर्गाची दीर्घकालीन सरासरी ठरलेली असते: समष्टीच्या प्रचरणाचा n वा भाग. त्याला n ने गुणले की एक पूर्ण प्रचरण होते. खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या वर्गांच्या बेरजेत सरासरीने n प्रचरणे असतात; नमुन्याच्या सरासरीपासून मोजल्यामुळे त्यांतले एक गळते आणि n − १ उरतात. मग भागायचेही n − १ नेच. या दुरुस्तीला जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांचे नाव मिळाले आहे. कार्ल फ्रीडरिश गाऊस यांच्या १८२३ च्या लेखनातही हा विचार आहे.

हे केवळ बीजगणितावर सोडण्याची गरज नाही. सगळे नमुने मांडून पाहता येते. २, ४ आणि ६ या तीनच संख्यांची समष्टी घेऊ. सरासरी ४, वर्गांची बेरीज ८, प्रचरण ८/३. आता चिठ्ठी परत टाकून दोनदा उचलायची. एकूण नऊ नमुने शक्य आहेत. दोन्ही संख्या सारख्या निघाल्या अशा तीन नमुन्यांत वर्गांची बेरीज ०. दोनचा फरक असलेले नमुने चार, प्रत्येकाची बेरीज २. चारचा फरक असलेले नमुने दोन, प्रत्येकाची बेरीज ८. सगळे मिळून २४. प्रत्येक बेरजेला n − १ म्हणजे १ ने भागून नऊ नमुन्यांची सरासरी काढली, तर २४/९ म्हणजे बरोबर ८/३ येते. २ ने भागले असते, तर त्याच्या निम्मेच आले असते.

पाच विचलनांपैकी कोणतीही चार ठाऊक असली, की पाचवे आपोआप ठरते, कारण बेरीज शून्य हवी. म्हणजे मोकळी माहिती चार विचलनांइतकीच असते. एकच पिशवी असेल, तर विखुरलेपणाबद्दल काहीच कळू शकत नाही, आणि सूत्रही तिथे शून्य भागिले शून्य देऊन थांबते. उलट, खरी सरासरी बाहेरून निश्चित ठाऊक असेल, तर तूट पडतच नाही आणि n नेच भागावे.

या दुरुस्तीला मर्यादा आहेत. ती प्रचरणाचा अंदाज सरासरीने बरोबर करते, वर्गमूळाचा नाही. वरच्या नऊ नमुन्यांच्या प्रमाण विचलनांची सरासरी १.२६ येते, तर समष्टीचे प्रमाण विचलन १.६३ आहे. नमुना वाढला की ही तफावत झपाट्याने घटते. भाजक n घ्यावा की n − १ हा प्रश्नही मग बिनमहत्त्वाचा होतो: पाच पिशव्यांत प्रमाण विचलन सुमारे १२ टक्क्यांनी बदलते, शंभर पिशव्यांत जेमतेम अर्ध्या टक्क्याने. आणि पिशव्या फक्त सकाळच्या पाळीतल्याच उचलल्या असतील, तर ती चूक कोणताही भाजक भरून काढत नाही.

एक्सेलमध्ये n − १ साठी `STDEV.S` आणि n साठी `STDEV.P` आहे. कॅल्क्युलेटरवर बहुधा n − १ चे उत्तर `s` ने आणि n चे `σ` ने दाखवतात. पायथनच्या `numpy` मधले `std` मात्र न सांगता n ने भागते. N − १ हवे असल्यास `ddof=1` लिहावे लागते. आपले यंत्र कोणता भाजक घेते याची शंका असेल, तर वरची पाच वजने भरून पाहावीत: २.५५ आले तर n − १, २.२८ आले तर n.