दारावरची नोंद : क्यूआर कोड की छापील यादी?



गेल्या वर्षी एका आप्ताच्या घरचे लग्न गावाबाहेरच्या लॉन्सवर होते. पत्रिकेसोबत प्रत्येक कुटुंबाला व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला होता. प्रवेशद्वारावर तो दाखवायचा, मगच आत जायचे, अशी व्यवस्था होती. माझे नातेपुत्याचे मामा तेथे आले होते. वय ब्याऐंशी, हातात बटणाचा साधा फोन. त्यांच्या घरचा कोड मुलाच्या फोनवर होता आणि मुलगा त्या दिवशी पुण्यात होता. दारावरच्या भाडोत्री मुलाने त्यांना तीन वेळा एकच प्रश्न विचारला, "आजोबा, कोड?" मामा वीस मिनिटे बाजूच्या खुर्चीवर बसून राहिले. त्यांचा चौविहाराचा नियम आहे. सूर्य कलला, तसे ते पाणी पिऊन उठले आणि न जेवता परत गेले. यजमानांना हे तिसऱ्या दिवशी कळले.

त्यानंतर वर्षभराने, डिसेंबरात, बारामतीजवळ माझ्या पुतणीचे लग्न ठरले. बँकेतील नोकरीमुळे दारावरची नोंद माझ्याकडे सोपवण्यात आली. पुतण्या म्हणाला, "काका, कोडच ठेवू. दहा सेकंदांत माणूस आत." धाकट्या भावाची आडत आहे. तो म्हणाला, "दादा, वहीसारखे दुसरे काही नाही. नाव शोधा, खूण करा." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे शोधण्यासाठी आम्ही काय केले, ते येथे मांडतो.

प्रथम नोंद हवीच कशाला, हे ठरवले. आपल्याकडे सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपायचे असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे इतरांच्या स्वागत समारंभात जे पाहुणे तीन तासांत विखरून येतात, ते आपल्याकडे पाऊण तासात येतात. शिवाय रात्रीनंतर उरलेले अन्न आपल्या घरी चालत नाही. किती माणसे आत आली, हे आचाऱ्याला पाच वाजता कळले तर तो पुढचा घाणा थांबवू शकतो. साडेसहाला कळून उपयोग नसतो. म्हणजे ही नोंद मोजणीसाठी होती, कोणाला अडवण्यासाठी नव्हती. हे एकदा ठरल्यावर पुढचे निर्णय सोपे झाले.

आमच्या यादीत दोन्ही पक्षांची मिळून २४० कुटुंबे होती. त्यांपैकी १८० कुटुंबे साडेचार ते सव्वापाच या वेळात येतील, असा अंदाज केला. लग्नाच्या आधीच्या रविवारी घरच्या मुलांना पाहुणे करून मी घड्याळ लावून बसलो. छापील यादीत नाव विचारणे, शोधणे, खूण करणे आणि माणसे मोजणे याला सरासरी ४० सेकंद लागले. तयार ठेवलेला कोड वाचायला आणि माणसे मोजायला १० सेकंद लागले.

आता हिशेब पाहा. १८० कुटुंबांना ४० सेकंदांप्रमाणे १२० मिनिटे लागतात. आपल्याकडे ४५ मिनिटे आहेत. म्हणजे तीन टेबले जेमतेम पुरतील आणि चार हवीत. कोडाने तेच काम ३० मिनिटांत, एका टेबलावर होते. येथवर पुतण्या जिंकला.

पण प्रत्येकाजवळ कोड तयार नसतो. कोणाचा फोन गाडीत राहतो, कोणाची बॅटरी संपते, कोणी शेकडो संदेशांतून कोड शोधत उभा राहतो. पाचांपैकी एक कुटुंब असे निघेल, असे आम्ही धरले. म्हणजे ३६ कुटुंबे. कोड सापडेना, मग फोनाफोनी, मग शेवटी नाव सांगणे, यात प्रत्येकी दीड मिनिट गेले तर ५४ मिनिटे होतात. उरलेल्या १४४ कुटुंबांची २४ मिनिटे धरून बेरीज ७८ मिनिटे झाली. वेळ खातात ती ही ३६ कुटुंबे, आणि त्यांच्या मागे कोड हातात घेऊन उभे असलेलेही अडकतात. बँकेच्या काउंटरवर एक अपुरे भरलेले चलन आले की साऱ्या रांगेचा खोळंबा होतो, तसेच हे आहे.

म्हणून आम्ही दोन टेबले कोडाची आणि एक टेबल छापील यादीचे ठेवले. टेबलांच्या दहा पावले आधी घरचाच एक जाणता माणूस उभा केला. त्याचे काम एवढेच की, ज्याच्या हातात कोड दिसत नाही त्याला "या, इकडे बसा" म्हणून यादीच्या टेबलाकडे न्यायचे. कोड शोधायला सांगायचेच नाही. मग त्या ३६ कुटुंबांना दीड मिनिटाऐवजी ४० सेकंदच लागतात, म्हणजे एकूण २४ मिनिटे. कोडाच्या प्रत्येक टेबलाला बारा मिनिटांचे काम उरते. तीन टेबलांत सारे ४५ मिनिटांच्या आत बसले, आणि कोणी उशिरा आले तरी मोकळीक राहिली.

आता कोडाविषयी. हा कोड जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्याच्या चौकटीत प्रत्यक्षात थोडासा मजकूर असतो. तो मजकूर वाचायला इंटरनेट लागत नाही. मात्र कोडात केवळ एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता भरला असेल, तर तो उघडायला इंटरनेट लागते. गेल्या वर्षीच्या लग्नात हीच अडचण झाली होती. गावाबाहेरच्या लॉन्सवर शेकडो फोन एकदम आले, नेटवर्क मंदावले आणि दारावरचे पडदे फिरत राहिले.

आम्ही कोडात पत्ता घातला नाही, नावही घातले नाही. फक्त K-118-4 अशी खूण घातली. K म्हणजे कन्यापक्ष, ११८ हा यादीतील क्रमांक, आणि ४ ही अपेक्षित माणसे. वरपक्षासाठी V. मजकूर जितका कमी, तितके कोडातले चौकोन मोठे राहतात आणि जुन्या फोनलाही तो चटकन वाचता येतो. देवनागरीत पूर्ण नाव, गाव व फोन भरला तर चौकोन फार बारीक होतात. शिवाय कोड दुसऱ्याच्या हाती गेला तरी कोणाचा फोन क्रमांक बाहेर जात नाही. ज्यांच्या घरी साधा फोन आहे, त्यांना हाच कोड पांढऱ्या चिठ्ठीवर काळ्या शाईत, अडीच सेंटिमीटरचा छापून पत्रिकेच्या पाकिटात दिला. मरून कागदावर सोनेरी छपाई सुंदर दिसते, पण सोनेरी रंग चमकतो आणि कॅमेऱ्याला चौकोन ओळखू येत नाहीत. आमच्या चाचणीत तसा कोड सहापैकी चार वेळा वाचला गेला नाही.

दुसरा धोका दुहेरी नोंदीचा. इंटरनेटविना चालणारे दोन फोन एकमेकांना काही सांगत नाहीत. एकच कोड दोन्ही टेबलांवर चालून जाऊ शकतो. म्हणून एक टेबल फक्त K कोडांचे आणि दुसरे फक्त V कोडांचे ठेवले. त्यामुळे एका कुटुंबाची नोंद एकाच फोनमध्ये होते आणि तोच कोड पुन्हा आला तर तेथेच दिसतो. मात्र तो दिसला तरी काय करायचे, हे मुलांना आधीच सांगून ठेवले होते. नातेवाइकांच्या गटात कोड पुढे पाठवले जातात आणि ज्याचा कोड तो माणूस मागून येतो. तेव्हा हसतमुखाने आत सोडायचे आणि पुरवणीच्या पानावर नाव लिहायचे. धनादेश परत करता येतो, पाहुणा नाही.

यादीतही एक मेख होती. पुतण्याने ती आडनावाच्या क्रमाने काढली. २४० कुटुंबांत शहा ७१, दोशी ५२ आणि गांधी ३८ निघाले. तीनच आडनावांत १६१ कुटुंबे! आडनाव सांगितल्यावर शोध तेथूनच सुरू होणार होता. म्हणून आम्ही यादी गावाच्या क्रमाने लावली आणि गावात पहिल्या नावाच्या क्रमाने. फलटण, अकलूज, नातेपुते, सोलापूर, बारामती. पाहुणाही आपली ओळख आधी गावाने देतो. पत्रिकेवरील नावाशेजारी "ओळखीचे नाव" हा रकाना ठेवला, कारण कागदावरचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि सारा गाव त्यांना बाळासाहेब म्हणतो. पुढे अपेक्षित संख्या आणि आलेली संख्या असे दोन रकाने. एका पानावर २५ नावे, ठळक अक्षरांत. फोन क्रमांक यादीत छापले नाहीत, कारण ती टेबलावर उघडी राहते.

कोड आणि यादी ही एकाच मूळ तक्त्यातून निघाली पाहिजेत, याकडे मी विशेष लक्ष दिले. लग्नाच्या आदल्या रात्री नऊ वाजता तक्ता बंद केला. त्यानंतर वाढलेली नावे कोणीही फोनमध्ये घालायची नाहीत, हाताने पुरवणीत लिहायची. दोन ठिकाणी दोन याद्या वाढू लागल्या की रात्री मेळ बसत नाही.

प्रत्यक्ष दिवशी पाच वाजता तिन्ही टेबलांची बेरीज ५१२ झाली आणि ती आचाऱ्याला कळवली. साडेपाचला ६७४ झाली. आम्ही ७८० ताटांची तयारी सांगितली होती. नवीन माणसे तुरळक येताना पाहून त्याने शेवटचा पुऱ्यांचा घाणा निम्मा केला. अखेरचा आकडा दारावर ७१६ आणि ताटांचा ७०९ निघाला. सातांचा फरक शोधला, तर पाच तान्ही मुले आणि दोघांचा उपवास होता. बिलावर वाद झाला नाही.

ज्यांच्याकडे शंभराच्या आत कुटुंबे आहेत, त्यांनी कोडाच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत झाले आहे. शंभर कुटुंबांना यादीने ६७ मिनिटे लागतात. दोन टेबलांवर ते काम ३४ मिनिटांत होते. तेवढ्यासाठी कोड करणे, पाठवणे आणि समजावणे यात जाणारे श्रम वसूल होत नाहीत. त्याहून मोठ्या कार्यात कोड घ्यावा, पण यादीचे टेबल सोडू नये.

नातेपुत्याचे मामा पावणेपाचला आले. पाकिटातली चिठ्ठी घरीच राहिली होती. दहा पावले पुढे उभा असलेला माझा चुलतभाऊ त्यांना हाताला धरून यादीच्या टेबलाशी घेऊन आला. "नातेपुते" एवढेच ते म्हणाले, आणि नाव सापडले. सव्वापाचला ते पहिल्या पंगतीत होते.